सिन ॲडिशन, तरीही ट्रान्स अल्कोहोल: हायड्रोबोरेशन आणि आम्ल-हायड्रेशनची तुलना उत्तरात कशी लिहावी

फोंड्याला माझ्याकडे संध्याकाळी बी.एस्सी.ची काही मुलं ऑरगॅनिक शिकायला येतात. गेल्या जुलैत एका मुलीनं १-मिथिलसायक्लोहेक्झीनचं उत्तर लिहून आणलं. अभिकारक बरोबर, अँटी-मार्कोव्हनिकोव्ह बरोबर, बोरॉन कुठल्या कार्बनवर जातो तेही बरोबर. शेवटच्या ओळीत मात्र लिहिलं होतं, ‘ॲडिशन सिन आहे, म्हणून सिस-२-मिथिलसायक्लोहेक्झॅनॉल मिळतो.’ मी त्या ‘म्हणून’ला लाल गोल केला. ती म्हणाली, “पण टीचर, दोन्ही एकाच बाजूनं आले ना? मग सिस का नाही?”

हाच प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो सुटला की हा सगळा भाग सुटतो. म्हणून इथे दहा उदाहरणं देत बसत नाही. १-मिथिलसायक्लोहेक्झीन हे एकच अल्कीन घेते, ते दोन्ही वाटांनी नेते आणि प्रत्येक वळणावर काय लिहायचं ते सांगते. बारावीत हायड्रोबोरेशन ओळखीपुरतं झालेलं असेल तर तेवढ्यावर हे समजेल.

आधी हायड्रोजन काढा

षटकोन काढा, एक बाजू दुहेरी करा, दुहेरी बंधाच्या एका टोकाला CH₃ लावा. आता दुसऱ्या टोकाला जो H असतो, जो आपण एरवी गृहीत धरून काढतच नाही, तो मुद्दाम काढा. निम्म्या चुका हा H कागदावर नसल्यामुळे होतात. पुढे आपल्याला ‘तो H कुठे गेला’ असं विचारावं लागणार आहे, आणि जे काढलेलंच नाही त्याचा माग काढता येत नाही.

त्या दोन कार्बनना नावं द्या. मिथिल असलेला तो ‘म’ कार्बन, हायड्रोजन असलेला तो ‘ह’ कार्बन. एक-दोन आकडे देऊ नका, कारण अल्कीनमध्ये पहिला क्रमांक मिथिलवाल्या कार्बनला मिळतो, तर अल्कोहोल झाल्यावर OH असलेल्या कार्बनला. हायड्रोबोरेशनच्या उत्पादनात त्यामुळे क्रमांक उलटतात आणि मुलं स्वतःच्याच आकृतीत हरवतात. म आणि ह शेवटपर्यंत बदलत नाहीत.

आम्लाची वाट

अभिकारक सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि पाणी, थोडक्यात H₃O⁺. ‘सौम्य’ हा शब्द गाळू नका. संहत आम्ल आणि उष्णता दिली तर हाच मार्ग उलटा चालतो आणि अल्कोहोलमधून पाणी निघून अल्कीन परत येतं.

दुहेरी बंधाचे इलेक्ट्रॉन प्रोटॉन उचलतात. प्रोटॉन ह कार्बनवर बसला तर धन प्रभार म कार्बनवर येतो आणि तृतीयक कार्बोकॅटायन बनतो. प्रोटॉन म वर बसला असता तर प्रभार ह वर आला असता, म्हणजे द्वितीयक. तृतीयक जास्त स्थिर आहे, त्याच्याकडे जाणारी चढण कमी आहे, म्हणून अभिक्रिया तिकडून जाते. उत्तरात ‘मार्कोव्हनिकोव्हच्या नियमानुसार’ एवढंच लिहून थांबू नका. नियम म्हणजे काय घडतं त्याचं वर्णन. कारण म्हणजे कार्बोकॅटायनची स्थिरता, आणि तपासणाऱ्याला कारण हवं असतं.

मग पाण्याचा रेणू म कार्बनवर येतो, ऑक्सिजनवर धन प्रभार येतो, दुसरा पाण्याचा रेणू तिथला प्रोटॉन काढून नेतो. OH म कार्बनवर. उत्पादन १-मिथिलसायक्लोहेक्झॅनॉल, तृतीयक अल्कोहोल. इथे ‘OH⁻ हल्ला करतो’ असं लिहिणारे बरेच असतात. आम्लाच्या द्रावणात OH⁻ जवळजवळ नसतो. हल्ला पाण्याचाच.

आता स्टिरिओकेमिस्ट्री. पाठ केलेलं वाक्य असं असतं: ‘कार्बोकॅटायन सपाट असतो, पाणी दोन्ही बाजूंनी येतं, म्हणून रेसिमिक मिश्रण मिळतं.’ पहिले दोन तुकडे खरे आहेत. तिसरा या अल्कीनसाठी चूक आहे. म कार्बनभोवती आता काय आहे ते मोजा: CH₃, OH आणि वलयाचे दोन हात. डावीकडून वलयावर फिरा, उजवीकडून फिरा, वाटेत तेच कार्बन त्याच क्रमानं लागतात. दोन हात सारखे, म्हणजे म कार्बन कायरल नाही. ह कार्बनवर दोन हायड्रोजन आहेत, तोही कायरल नाही. रेणूत एकही कायरल केंद्र नाही, मग रेसिमिक कशाचं? वरून आलं काय, खालून आलं काय, रेणू एकच. उत्तरात लिहा: ‘हल्ला दोन्ही बाजूंनी होतो, पण उत्पादन अकायरल असल्यामुळे इथे फरक दिसत नाही.’ हे वाक्य लिहिणारा विद्यार्थी आकृतीकडे बघून लिहितो आहे, हे लगेच कळतं.

बोरॉनची वाट

इथे दोन टप्पे आहेत आणि बाणावर ते क्रमांक देऊनच लिहायचे:

```
1) BH3·THF
2) H2O2, NaOH
```

क्रमांक नसले तर बोरेन आणि पेरॉक्साइड एकाच वेळी भांड्यात घातल्यासारखं होतं, आणि तशी अभिक्रिया कोणी करत नाही. बोरेन पाण्यालाही सोसत नाही. पाणी भेटलं की हायड्रोजन वायू सोडून त्याचं बोरिक आम्ल होतं. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते, तेव्हा ही अभिक्रिया करायची तर भांडी ओव्हनमध्ये वाळवून नायट्रोजनखाली गार करावी लागतात. दुसऱ्या टप्प्यात पेरॉक्साइड घालताना भांडं बर्फात ठेवून थेंब थेंब घालतात, कारण उष्णता बरीच निघते.

ही अभिक्रिया हाती लागली ती गोष्ट मला मुलांना सांगायला आवडते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राउन यांच्या प्रयोगशाळेत बी. सी. सुब्बा राव हे आपले भारतीय रसायनशास्त्रज्ञ एस्टरांचं क्षपण करत होते. इथिल ओलिएट हा एस्टर अपेक्षेपेक्षा जास्त हायड्राइड खात होता. बाकीचे एस्टर हिशोबात बसत होते, हा एकच बसत नव्हता. ओलिएटमध्ये दुहेरी बंध आहे, आणि जास्तीचं हायड्राइड बोरॉनसकट तिथे जाऊन बसत होतं. हे काम १९५६ मध्ये छापून आलं. १९७९ चं नोबेल पारितोषिक ब्राउन यांना जॉर्ज विटिग यांच्याबरोबर मिळालं, ते बोरॉन संयुगांवरच्या कामासाठी.

बोरॉनकडे फक्त सहा इलेक्ट्रॉन असतात, म्हणून तो इलेक्ट्रॉनांचा भुकेला. दुहेरी बंधाचे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे झुकतात. B–H बंधात हायड्रोजन किंचित ऋण असतो, बोरॉन किंचित धन. बोरॉन ह कार्बनला धरतो, त्याच क्षणी हायड्रोजन म कार्बनकडे सरकतो. दोन कार्बन, बोरॉन आणि हायड्रोजन अशा चौघांची एकच संक्रमण अवस्था. मध्ये थांबा नाही, कार्बोकॅटायन नाही.

बोरॉन ह कडेच का? दोन कारणं आहेत आणि दोन्ही लिहायची. एक, जागा. बोरॉन आणि त्याच्यावरचे गट मिळून मोठं प्रकरण असतं, आणि ह कार्बनवर मिथिल नसल्यामुळे तिथे गर्दी कमी. दुसरं, प्रभार. बोरॉन इलेक्ट्रॉन ओढू लागला की दुसऱ्या कार्बनवर थोडा धन प्रभार डोकावतो, आणि तो म कार्बनवर जास्त सहज सोसला जातो. म्हणजे दोन्ही वाटांवर धन प्रभाराची पसंती म कार्बनलाच आहे. फरक असा की आम्लात तिथे जाऊन बसतो ऑक्सिजन, आणि बोरेनमध्ये हायड्रोजन. ‘अँटी-मार्कोव्हनिकोव्ह’ म्हटलं की निसर्गानं नियम मोडला असं वाटतं. मोडलेला काही नाही. आधी येणारा इलेक्ट्रॉनभुकेला घटक बदलला: तिथे H⁺ होता, इथे बोरॉन आहे, आणि दोघेही ह कार्बनवरच जातात.

सिन असून ट्रान्स का

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. त्या दिवशी मी वहीच्या मागचा पुठ्ठा कापून षटकोन केला आणि टेबलावर आडवा ठेवला. दुहेरी बंधाचे दोन्ही कार्बन सपाट असतात, म्हणून म वरचा CH₃ आणि ह वरचा H हे दोघे पुठ्ठ्याच्याच पातळीत, कडेला बाहेर डोकावणारे. दोन टूथपिक आडव्या चिकटवल्या, मिथिलची रंगवलेली, हायड्रोजनची साधी.

बोरेन वरून आलं असं धरू. म कार्बनवर वरून नवा H बसला. कार्बन आता सपाट राहू शकत नाही, त्याला चार बंध झाले. वरची जागा नव्या H नं घेतली, तेव्हा कडेला असलेला CH₃ खाली ढकलला गेला. ह कार्बनवरही तेच: वरून बोरॉन बसला, तिथला जुना H खाली गेला. रंगवलेली टूथपिक तिनं स्वतःच्या बोटानं खाली वाकवली आणि तिथेच थांबली. पुठ्ठ्याच्या वर दोन पाहुणे: म वर H, ह वर बोरॉन. खाली दोन घरचे: म वर CH₃, ह वर H.

सिन हा शब्द दोन पाहुण्यांमधल्या नात्याचा आहे, नव्या H आणि बोरॉनच्या. ट्रान्स हा शब्द CH₃ आणि OH यांच्या नात्याचा, म्हणजे एक घरचा आणि एक पाहुणा. पाहुणे दोघे वर असतील तर घरचा खालीच असणार. सिन ॲडिशन झाली म्हणूनच इथे ट्रान्स उत्पादन मिळतं. ‘सिन, तरीही ट्रान्स’ असं आपल्याला वाटतं, कारण आपण नवा H मोजायला विसरतो.

दुसऱ्या टप्प्यात बोरॉनच्या जागी OH येतो, आणि तो वर राहतो हेही दाखवावं लागतं. सोड्यामुळे पेरॉक्साइडचा HOO⁻ होतो. तो बोरॉनच्या रिकाम्या कक्षकात शिरतो. मग बोरॉनवरचा कार्बन आपली इलेक्ट्रॉनजोडी घेऊन शेजारच्या ऑक्सिजनवर सरकतो आणि OH⁻ बाहेर पडतो. कार्बन ज्या तोंडानं बोरॉनला धरून होता त्याच तोंडानं ऑक्सिजनला धरतो, त्याची मांडणी उलटत नाही. उत्तरात ‘रिटेन्शन’ हा शब्द आणि हे कारण दोन्ही यावेत. शेवटी O–B बंध पाण्यानं तुटतो आणि अल्कोहोल मोकळा होतो. या अल्कोहोलमधला ऑक्सिजन पेरॉक्साइडकडून आलेला असतो.

एक BH₃ तीन अल्कीनांवर बसू शकतो, असं पुस्तकं सांगतात. साध्या टोकाच्या अल्कीनांसाठी ते खरं आहे. आपलं अल्कीन तीन बाजूंनी भरलेलं असल्यामुळे साधारण दोनवरच थांबतं. उत्तरात R₂BH लिहिलं तरी उत्पादन तेच.

उत्पादन ट्रान्स-२-मिथिलसायक्लोहेक्झॅनॉल. इथे म आणि ह दोन्ही कार्बन खरोखर कायरल आहेत. बोरेन वरून येण्याची शक्यता जितकी, तितकीच खालून येण्याची, म्हणून (1R,2R) आणि (1S,2S) समप्रमाणात मिळतात. रेसिमिक हा शब्द इथे लिहायचा, आम्लाच्या वाटेवर नाही. मुलं नेमकी उलटी अदलाबदल करतात: आम्लाला रेसिमिक म्हणतात, आणि बोरेनला ‘स्टिरिओविशिष्ट, म्हणून एकच एनँशिओमर’ म्हणतात. एकच डायस्टिरिओमर मिळतो, पण त्याचे दोन्ही एनँशिओमर मिळतात. आकृतीत एकच काढला असेल तर खाली ‘आणि याचा आरसाप्रतिमा रेणू’ असं लिहून टाका.

उत्तर असं दिसावं

प्रश्न साधारण असा येतो: १-मिथिलसायक्लोहेक्झीनपासून दोन्ही पद्धतींनी मिळणारी उत्पादनं द्या आणि फरक स्पष्ट करा. मी असं उत्तर लिहीन:

‘सौम्य H₂SO₄ च्या उपस्थितीत प्रोटॉन ह कार्बनवर जाऊन म कार्बनवर तृतीयक कार्बोकॅटायन बनतो. पाणी म कार्बनवर येऊन १-मिथिलसायक्लोहेक्झॅनॉल मिळतो. कार्बोकॅटायन सपाट असल्यानं पाणी दोन्ही बाजूंनी येऊ शकतं, म्हणून ही वाट स्टिरिओनिवडक नाही. मात्र हे उत्पादन अकायरल आहे. BH₃·THF मध्ये B आणि H एकाच वेळी, एकाच बाजूनं जोडले जातात. बोरॉन कमी गर्दीच्या ह कार्बनवर जातो आणि H म कार्बनवर. H₂O₂/NaOH मुळे बोरॉनच्या जागी OH येतो, मांडणी कायम राहते. म कार्बनवरचा नवा H आणि OH सिन असल्यामुळे CH₃ आणि OH ट्रान्स येतात. उत्पादन रेसिमिक ट्रान्स-२-मिथिलसायक्लोहेक्झॅनॉल.’

सोबत दोन आकृत्या. दुसरीत OH ला वेज, CH₃ ला डॅश, आणि म वरच्या H लाही वेज. तो H काढलात तर सिन आणि ट्रान्स दोन्ही एकाच चित्रात दिसतात, वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

भांड्यात काय तयार झालं ते ओळखायचं असेल तर ल्यूकास अभिकारक पुरतो. तृतीयक अल्कोहोल लगेच गढूळ होतो, द्वितीयकाला काही मिनिटं लागतात. क्रोमिक आम्लानं द्वितीयकाचा कीटोन होतो आणि नारिंगी रंग हिरवट होतो. तृतीयक तसाच राहतो. एनएमआर हाताशी असेल तर मिथिल बघा. १-मिथिलसायक्लोहेक्झॅनॉलचा मिथिल सिंग्लेट, कारण शेजारच्या म कार्बनवर H नाही. दुसऱ्याचा डब्लेट, कारण बोरेननं तिथे एक H आणून ठेवलेला आहे.

अल्कीन बदललं तर

पुनर्रचनेचा प्रश्न या अल्कीनमध्ये येत नाही, कारण कॅटायन आधीच तृतीयक आहे. ३,३-डायमिथिल-१-ब्युटीन दिलं तर येतो. आम्लात आधी द्वितीयक कॅटायन होतो, शेजारचा एक मिथिल सरकतो, आणि मुख्यतः २,३-डायमिथिल-२-ब्युटॅनॉल मिळतो. बोरेनमध्ये कॅटायनच नाही, म्हणून सांगाडा जसाच्या तसा आणि ३,३-डायमिथिल-१-ब्युटॅनॉल मिळतो.

‘अँटी-मार्कोव्हनिकोव्ह’ म्हणजे शंभर टक्के असंही समजू नका. १-हेक्झीनमध्ये बोरॉन सुमारे ९४ टक्के टोकाच्या कार्बनवर जातो आणि ६ टक्के शेजारी. स्टायरीनमध्ये तो साधारण ८० आणि २० वर येतो, कारण बेंझिन वलय शेजारच्या कार्बनवरचे प्रभार सांभाळू शकतं. 9-BBN सारखं दांडगं बोरेन वापरलं तर जागेचं कारण वरचढ होतं आणि जवळजवळ सगळं टोकाला जातं.

आम्लाच्या वाटेवरची दोन्ही बाजूंची ये-जा आपल्या अल्कीनमध्ये लपून राहिली. ती पाहायची तर तेच अल्कीन घ्या आणि फक्त हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम वापरा. परीक्षेलाही हे विचारतात. BD₃ आणि मग H₂O₂/NaOH घेतलं तर D म कार्बनवर जातो, OH ह कार्बनवर, दोघे एकाच बाजूला, CH₃ समोरच्या. पुठ्ठ्यावरच्या नव्या H ला फक्त खूण लागली. D₂SO₄ आणि D₂O घेतलं तर D ह कार्बनवर आणि OD म कार्बनवर. आता ह वर एक H आणि एक D आहे, म्हणून वलयाचे दोन हात सारखे राहिले नाहीत आणि म कार्बनही कायरल झाला. D ज्या बाजूला बसला त्याच बाजूनं पाणी आलेले रेणू आणि समोरून आलेले रेणू, दोन्ही सापडतात. साध्या आम्लातही हेच घडत होतं, फक्त तिथे त्या दोन रेणूंमध्ये फरक करायला काही नव्हतं.